मदत हवी आहे: उदाहरणं देऊनही मॉडेल सगळ्याला 'करपा'च म्हणतंय

केळीकट्टा_चोपडा: आमचं कृषी केंद्र आहे. शेतकरी केळीच्या तक्रारी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, काही मराठीत, काही अहिराणीत. मॉडेलने फक्त प्रकार सांगायचा: करपा म्हणजे बुरशीचा रोग, सीएमव्ही म्हणजे विषाणूचा रोग, पाणी किंवा खत. प्रॉम्प्टमध्ये आठ उदाहरणं दिलीत. शेवट असा आहे:

```
संदेश: पानांवर तपकिरी ठिपके, कडा वाळतात
प्रकार: करपा
संदेश: नवा पानवर पिवळा पट्टा, पोगा सडी ग्या
प्रकार:
```

उत्तर येतं 'करपा'. हा तर सीएमव्ही! झाड उपटायचं सोडून लोक बुरशीनाशक मारत बसतील. आता फाइन-ट्यूनिंगच करावं का? तपासलेले तीनेकशे जुने संदेश आहेत.

धुळेकर_७: थांबा भाऊ. रोज तीच उदाहरणं देत राहा, हळूहळू शिकेल.

तापीकाठ: उदाहरणांवरून ते शिकतं हे खरं, पण तेवढ्या उत्तरापुरतंच. मॉडेलचे आतले आकडे जसेच्या तसे राहतात. पुढच्या संदेशाला तीच आठ उदाहरणं पुन्हा वाचतं, त्याचे टोकनही दर वेळी मोजले जातात. फाइन-ट्यूनिंगमध्ये मात्र ते आकडेच बदलतात. केळीकट्टा, आठांपैकी करपा किती, आणि कुठे?

केळीकट्टा_चोपडा: पाच. शेवटची तीन सलग करपाच.

तापीकाठ: मग घोळ तिथेच असावा. जास्त वेळा आलेल्या आणि शेवटी आलेल्या प्रकाराकडे मॉडेल झुकतं. जीपीटी-३ वर 2021 मध्ये हे मोजून दाखवलं होतं. संदेशाच्या जागी नुसतं `N/A` टाकून बघा. तरीही 'करपा' आलं, तर ते शेतकऱ्याचं म्हणणं वाचून नाही, तुमची यादी बघून बोलतंय. प्रत्येक प्रकाराची दोन उदाहरणं घ्या, सीएमव्हीचं एक अहिराणीतलं असू द्या, क्रम दोन-तीनदा बदला. तपासायला मात्र प्रॉम्प्टमध्ये नसलेलेच संदेश वापरा.

यावलची_ताई: मला रोजचा केळीचा भाव सांगणारा बॉट हवाय. त्यासाठी फाइन-ट्यूनिंग करू का?

तापीकाठ: नाही ताई. भाव रोज बदलतो, मॉडेलला जुनाच लक्षात राहील. आजचा भाव प्रॉम्प्टमध्येच द्या.

केळीकट्टा_चोपडा: `N/A` ला 'करपा'च आलं! दोन-दोन उदाहरणं केल्यावर वरचा संदेश बरोबर ओळखला. क्रम बदलला की अहिराणीतले काही अजून इकडचे तिकडे होतात.

तापीकाठ: क्रमाने उत्तर बदलत असेल तर त्या संदेशांवर मॉडेलची पकड नाही. ते वेगळे काढून माणसानेच बघावेत. तीनशेत अहिराणीतले किती?

केळीकट्टा_चोपडा: चाळीसेक.

तापीकाठ: त्यात सीएमव्हीचे चार-पाचच निघतील. तेवढ्यावर फाइन-ट्यून केलं तर तेच चार संदेश पाठ होण्याची भीती. मी तरी आधी अहिराणी संदेश वाढवीन.

धुळेकर_७: मला नाही पटत. तीनशेत लहान मॉडेल नीट तयार होतं, आणि लांब प्रॉम्प्टचा रोजचा खर्चही वाचतो.

तापीकाठ: चारही प्रकार सारखे असते तर मानलं असतं. केळीकट्टा, साठ संदेश बाजूला ठेवा आणि दोन्ही पद्धती त्यांच्यावरच चालवा. सीएमव्हीला करपा किती वेळा म्हटलं, ते वेगळं मोजा.