मदत हवी आहे: जलद खोडू की निरस?

कोडेवेडी
मंडळी, कोपऱ्यातल्या एका शब्दावर कालपासून अडले आहे. सूत्रं अशी:

१ आडवा: ढग (३)
१ उभा: 'सरस'च्या विरुद्ध (३)
२ उभा: ____ वीट मऊ (५)
४ आडवा: शितावरून भाताची ____ (३)

२ उभा हा १ आडव्याच्या शेवटच्या घरातून खाली उतरतो आणि ४ आडव्याच्या शेवटच्या घरात संपतो. 'परीक्षा' पक्कं आहे. म्हण आधी 'दगड' समजून बसले होते. घरं पाच आहेत आणि शेवटी 'क्षा' येतोय हे पाहिल्यावर 'दगडापेक्षा' लिहिलं. म्हणजे ढगाचा शेवट 'द', म्हणून 'जलद' ठोकून दिला. आता १ उभा 'ज'पासून सुरू व्हायला हवा, पण मला तर 'निरस'च सुचतंय. 'नि'पासून ढग कुठला? कोणता खोडू?

पेन्सिलवाला
जलदला हात लावू नका, 'द' जुळलाय ना! १ उभाच काहीतरी वेगळा असणार.

रिकामं_घर
'नि'पासून हवाय ना? निरभ्र! नि-र-भ्र, बरोब्बर तीन घरं.

कोडेवेडी
@रिकामं_घर, अहो, निरभ्र म्हणजे ढग नसलेलं. शिवाय शेवटी 'भ्र' आला की दगडापेक्षाचं डोकंच उडतं.

आडवातिडवा
पेन्सिलवाले, 'द' जुळला म्हणून जलद सिद्ध होत नाही. पाण्याच्या कुठल्याही नावाला 'द' लावा, ढग तयार होतो, कारण 'द' म्हणजे देणारा. जलद, अंबुद, तोयद, वारिद, सगळ्यांचा शेवट तोच. (तिथेच 'ज' लावला की कमळ: जलज, अंबुज. 'धी' लावला की समुद्र: जलधी, अंबुधी. तीन घरांचं कमळ किंवा समुद्र आला की मी आधी शेवटचं घर भरतो.) म्हणून तो 'द' तुम्हाला फुकटचा धीर देत होता. खरा निकाल पहिल्या घरात आहे.

आणि तिथे तुमची वेलांटी चुकली आहे. शब्द 'नीरस', नी दीर्घ. निः + रस असा संधी होताना विसर्ग जातो आणि मागची 'नि' दीर्घ होते. नीरव तसाच. आता नी-पासून ढग शोधा. नीर म्हणजे पाणी, म्हणून नीरद. जलद खोडा, आणि निरसची फक्त वेलांटी फिरवा.

पेन्सिलवाला
बरं, नीरद मान्य. पण 'सरसनिरस' हा शब्द मी ऱ्हस्व 'नि'नेच पाहत आलोय. आणि कित्येक कोडी बनवणारे ऱ्हस्व-दीर्घ बघतच नाहीत. मग वेलांटीवर एवढा भरवसा कशाला?

आडवातिडवा
सरसनिरस बोलण्यात तसाच रुळलाय, खरं आहे. आणि ढिसाळ कोडी असतात हेही खरं. म्हणून मी आधी दोन्ही शब्द शुद्ध लिहून पाहतो. तसे जुळले तर प्रश्नच नाही. नाही जुळले, तरच कोडं बनवणाऱ्यावर संशय घ्यायचा. इथे दोघेही दीर्घ आहेत, त्यामुळे वाद उरत नाही.

उशिरा_आलो
माझंही असंच झालंय, इथेच विचारतो. 'बैल गेला आणि ____ केला (२)'. मी 'झोप' लिहिलं. आता त्याच्या दुसऱ्या घरातून खाली 'अतिथी (३)' आहे आणि 'प'पासून अतिथी सापडत नाही.

कोडेवेडी
'झोपा' हो! गोठ्याला लावायचं काट्याकुडाचं दार. बैल पळाल्यावर दार लावून काय उपयोग? झोपेचा काही संबंध नाही, आणि झोप 'केला' कशी होईल? 'पा' आला की खाली पाहुणा.

उशिरा_आलो
अरे देवा. इतकी वर्षं मला वाटायचं, बैल गेला तरी तो बाबा झोपून राहिला!

कोडेवेडी
नीरद, नीरस, दगडापेक्षा, सगळं बसलं. @आडवातिडवा, आभार. आता एकच उरलं आहे. 'कनिष्ठ'च्या विरुद्ध (२). दुसरं घर 'पृष्ठ'मुळे 'ष्ठ' नक्की आहे, पण पहिल्या घराला कोणीच छेदत नाही.

पेन्सिलवाला
ज्येष्ठ. भावंडांत असतात तसे, ज्येष्ठ-कनिष्ठ.

रिकामं_घर
वरिष्ठ!

पेन्सिलवाला
घरं मोजा हो. व-रि-ष्ठ, तीन झाली.

आडवातिडवा
वयाने कनिष्ठ असेल तर ज्येष्ठ, दर्जाने कनिष्ठ असेल तर श्रेष्ठ. दोन्ही दोन घरांचे, दोन्हींच्या शेवटी 'ष्ठ'. सूत्रात आणखी एखादा शब्द दिला आहे का?

कोडेवेडी
नाही. नुसतं 'कनिष्ठ ×'. ज्येष्ठ फिकट लिहून ठेवते. उत्तर उद्याच्या अंकात येईल, तेव्हा इथे टाकते.

पेन्सिलवाला
श्रेष्ठ निघालं तरी मी ज्येष्ठच म्हणणार.