आरएसआय ३० खाली खरेदी, ७० वर विक्री: सोन्यात हे चालतं का?

मंदार_ठाणे: एमसीएक्स वायदेबाजारातल्या सोन्याच्या दैनिक चार्टवर आरएसआय १४ आणि ५० दिवसांची सरासरी लावतो, दोन्ही बघितलं की खात्री होते. २३ जुलै २०२४ ला सोनं आपटलं, आरएसआय धपकन खाली आला, मी घेतलं. ऑक्टोबरपर्यंत मस्त फायदा झाला. मग लोक इंडिकेटरला नावं का ठेवतात?

जुना_वायदेवाला: मंदारराव, त्या दिवशी विकणारे दमले म्हणून भाव पडला नाही. बजेटमध्ये आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं, म्हणून पडला. एमसीएक्सवर सुमारे ४,००० रुपये गेले, आणि डॉलरमधला भाव त्या दिवशी २,४०० च्या आसपासच होता. तुमच्या आरएसआयला मात्र हे कळायची सोय नाही, त्याला फक्त रोजचे बंद भाव दिसतात.

आकड्यांत बघा. समजा आदल्या दिवशी सरासरी वाढ ३०० आणि सरासरी घट २४० होती; दोन्हींच्या बेरजेत वाढीचा टक्का, म्हणजेच आरएसआय, साधारण ५५. आता ४,००० ची एक घट आली. नवी सरासरी काढताना जुनीला १३ ने गुणायचं, आजचा फरक मिळवायचा आणि १४ ने भागायचं. घट होते ५०८, वाढ उरते २७८. आरएसआय थेट ३५. एका सरकारी निर्णयाने २० अंक गेले. आणि तो फटका १४ दिवसांनी निघूनही जात नाही, हळूहळू विरतो; १४ सत्रांनंतरही त्याचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग आत असतो.

तुमचा फायदा खराच आहे. पण तो ऑक्टोबरअखेर डॉलरमध्ये सोनं २,७०० च्या वर गेल्यामुळे झाला.

मंदार_ठाणे: कारण काहीही असो, खरेदी तर आरएसआय बघूनच केली ना? पैसे आले म्हणजे सिग्नल बरोबर.

जुना_वायदेवाला: मग एप्रिल २०१३ घ्या. दोन सत्रांत सोनं १,५५० डॉलरच्या वरून १,३५० च्या आसपास आलं. आरएसआय ३० च्या कितीतरी खाली. तुमच्या नियमाने खरेदी. जूनअखेर भाव १,२०० च्याही खाली जाऊन आला.

उलट बाजूला मार्च २०२४. पहिल्याच आठवड्यात आरएसआय ७० पार गेला, ‘आता महाग झालं’ म्हणत नवख्यांनी शॉर्ट मारले, आणि एप्रिलमध्ये सोनं २,४०० वर. ७० चा अर्थ इतकाच की सरासरी वाढ सरासरी घटीच्या सव्वादोन पटींहून थोडी जास्त आहे. स्वस्त-महागाशी त्याचं काही नातं नाही.

ट्रेंडवाला_सांगली: म्हणूनच म्हणतो, आरएसआय काढून टाका. ५० दिवसांची सरासरी पुरे. भाव वर असेल तर धरायचं, खाली गेला की बाहेर. सोनं एकदा चालायला लागलं की महिनोन्महिने चालतं, तिथे सरासरीच कामाची.

जुना_वायदेवाला: चालत्या बाजारात मान्य. पण २३ जुलैला तुम्हीही बाहेर पडला असता. त्या सरासरीत सगळे जुन्या शुल्काचे भाव होते, ते पूर्ण निघायला ५० सत्रं, म्हणजे दहा-एक आठवडे लागतात. तोवर रेषा मुळातच वर टांगलेली. आणि मंदारराव जिला खात्री म्हणतात ती दोन्ही इंडिकेटरची खात्री त्याच बंद भावांतून निघते. एकाच साक्षीदाराला दोनदा विचारल्यासारखं आहे ते.

वैशाली_प: माझी शंका साधी आहे. मुलीच्या लग्नासाठी बांगड्या करायच्या आहेत. भाचा म्हणतो आरएसआय ७८ आहे, थांब. थांबू का?

जुना_वायदेवाला: ताई, लग्नाची तारीख आरएसआय बघून हलणार नाही. दागिन्यावर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी येतो. आठवडाभराच्या चढउतारापेक्षा दोन सराफांच्या घडणावळीतला फरक बरेचदा मोठा निघतो. आधी तो विचारा.

वैशाली_प: भाच्याला हे दाखवते. ऐकेल असं वाटत नाही.

एक्सेल_अमोल: शुल्काचा प्रश्न सोपा आहे. २३ जुलैच्या आधीचे सगळे भाव १०६ भागिले ११५ ने गुणा, चार्ट सरळ होतो. मी तसंच केलंय.

जुना_वायदेवाला: करून बघा. ७२,७०० चे ६७,००० होतात, म्हणजे साडेपाच हजारांहून जास्त घट. बाजार त्या दिवशी ४,००० च पडला. तुमच्या चार्टवर त्या दिवशी दीड हजाराची तेजी दिसेल, ती झालीच नव्हती. मी इंडिकेटर डॉलरच्या चार्टवर बघतो आणि सौदा एमसीएक्सवर करतो.

ट्रेंडवाला_सांगली: मग रुपया घसरला तर? डॉलरमध्ये सोनं जागच्या जागी आणि आपल्याकडे वर, असं कितीदा होतं. तुमच्या चार्टवर ते दिसणारच नाही, आणि मार्जिन तर आपण रुपयातच भरतो.

जुना_वायदेवाला: हा मुद्दा बरोबर आहे. मी डॉलर-रुपयाचा चार्ट शेजारी उघडा ठेवतो, पण दोन्ही मिळून एक आकडा काढायची माझ्याकडे खात्रीची रीत नाही.

एक्सेल_अमोल: १०६/११५ ऐवजी त्या दिवशीच्या प्रत्यक्ष घटीनेच जुने भाव खाली आणले तर?

मंदार_ठाणे: तसं केलं तर माझा खरेदीचा सिग्नलच गायब होतो की!