रासेयोच्या शिबिरातून नागरिक घडतो का?

प्रश्न (विद्यार्थिनी, पंचवटी): आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे हिवाळी शिबिर पेठ तालुक्यातील एका पाड्यावर होणार असून तेथे वनराई बंधारा बांधायचा आहे. दोन वर्षांचे २४० तास पूर्ण केल्याने तरुण पुढे सार्वजनिक कामात सहभागी होतात, असे मानता येईल का?

निवृत्त बँक कर्मचारी, इंदिरानगर: माझे उत्तर नकारार्थी आहे. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने शालेय पदवीसाठी ७५ तासांची सेवा सक्तीची केली. त्यावरील २०१३ च्या अभ्यासात असे दिसले की आठवीतील मुलांची सेवा वाढली, परंतु बारावीपर्यंत ती घटली, कारण मुलांनी तास लवकर उरकून घेतले. तास मोजायला लागले की तासच उरतात.

माजी कार्यक्रम अधिकारी, नाशिक रोड: मेरीलँडचा दाखला योग्य आहे, पण तो सक्तीविषयी आहे. १९६९ पासून चालत आलेल्या रासेयोत विद्यार्थी स्वतःहून नाव नोंदवतो. वाढीव गुणांचे आकर्षण असते, हे मात्र मान्य करावे लागेल. माझ्या मते खरा फरक सक्तीने पडत नाही. काम कोणी ठरवले आणि काम संपल्यावर त्याचे काय झाले, याने तो पडतो.

पेठ तालुक्यातलेच एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, तोंडे शिवून, विटांसारखे सांधे मोडत रचलेला वनराई बंधारा एका महाविद्यालयाने डिसेंबरात, ओढ्याला धार असतानाच उभा केला. जागा रस्त्याजवळची निवडली होती, कारण गोण्या उतरवणे सोपे होते. असा बंधारा पावसाळ्यात वाहून जाणारच. तो दरवर्षी नव्याने घालायचा असतो. पुढच्या डिसेंबरात विद्यार्थी परतले तेव्हा फाटक्या गोण्या तशाच पडल्या होत्या. पाड्याने हे काम ठरवलेलेच नव्हते, म्हणून त्याची पुनरावृत्ती करणे पाड्याला आपले वाटले नाही.

त्या वर्षी पहिले दोन दिवस कोणीही फावडे उचलले नाही. विद्यार्थ्यांनी प्रत्येक विहिरीत दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजली आणि कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते, हे पाणी भरणाऱ्या बायकांना विचारून कागदावर नकाशा काढला. त्यातून असे लक्षात आले की वापराची विहीर जुन्या बंधाऱ्याच्या बरीच वरच्या अंगाला असल्याने अडवलेल्या पाण्याचा तिला उपयोगच नव्हता. नवा बंधारा विहिरीच्या थोडा वर घातला गेला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाड्यातील दोन महिलांनी तो नकाशा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडला आणि आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या पाच टक्के अबंध निधीतून विहिरीतील गाळ काढण्याचा ठराव मंजूर झाला. शिबिरात रोज संध्याकाळी तासभर चर्चा होत असे: ही विहीर आटते कशामुळे, गाळ काढणे कोणाची जबाबदारी, आजवर कोणी मागणी केली होती? त्या तासाविना हे केवळ श्रमदान राहिले असते.

पालक, सातपूर: माझा मुलगा गणेशविसर्जनाच्या दिवशी गोदाकाठी मूर्ती आणि निर्माल्य गोळा करतो. त्याचे प्रमाणपत्र मिळते, पण पुढील प्रवेशासाठी ते धरतील का? त्याला या कामाची मनापासून ओढ आहे, म्हणून विचारतो.

माजी कार्यक्रम अधिकारी, नाशिक रोड: प्रवेशाचे नियम महाविद्यालयात विचारून घ्यावेत. मुलाला मात्र एवढे अवश्य सुचवा: गोळा केलेल्या मूर्ती दुसऱ्या दिवशी कोठे जातात, हे त्याने महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जाऊन विचारावे. उत्तर न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे.

संशोधक विद्यार्थिनी, गंगापूर रोड: पेठच्या उदाहरणाबद्दल आदर राखून माझा आक्षेप नोंदवते. त्या ग्रामसभेत विद्यार्थी मतदार नव्हते. ठराव गावाने केला, विहीर गावाची होती. विद्यार्थ्यांनी चांगली मोजणी केली, पण नागरिक म्हणून त्यांनी स्वतः कोणती जबाबदारी उचलली? शिबिराने पाड्यातील महिला पुढे आल्या, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु प्रश्न शिबिराला गेलेल्या तरुणांचा होता. ते नाशिकला परतले की त्यांच्या प्रभागात त्यांना कोठे बोलता येते? प्रभागातील मतदारांच्या सभेची, म्हणजे क्षेत्रसभेची, तरतूद महाराष्ट्रातील महापालिका कायद्यात २००९ मध्ये झाली, तरी माझ्या प्रभागात अशी सभा भरल्याचे मी पाहिलेले नाही.

माजी कार्यक्रम अधिकारी, नाशिक रोड: हा आक्षेप मला पूर्णपणे खोडता येत नाही. शिबिरातील काही मुलांनी पुढे स्वतःच्या वसाहतीतील नळजोडणीचा प्रश्न विभागीय कार्यालयात लावून धरला, तर बहुतेकांनी तसे काही केले नाही. शिबिरामुळेच ते घडले, असा दावा मी करणार नाही, कारण जी मुले शिबिराला येतात त्यांच्यात ती ओढ आधीपासून असू शकते.

विद्यार्थिनी, पंचवटी: मग आमच्या शिबिरात पहिले दोन दिवस मोजणीसाठी राखून ठेवावेत, असा अर्ज मी उद्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे देते. क्षेत्रसभेविषयी विभागीय कार्यालयात कोणाला विचारायचे, हे कोणी सांगू शकेल का?