अनुभव धागा: चार्जिंगची पिन ढिली बसते, मध्येच सुटते... तुमच्या फोनमधून काय निघालं?

इंदिरानगरची
काल आईचं जुनं शिलाई मशीन तेलपाण्याला काढलं. सुईखालची पट्टी उघडली तर आत कापसाची दाबून बसलेली वडी. मागच्या महिन्यात सासूबाईंच्या फोनमधून अगदी असंच निघालं होतं, ते आठवलं, म्हणून हा धागा.

त्यांचा फोन टाइप सीचा. पिन लावली की चार्जिंग सुरू, फोन जरा सरकला की बंद. रात्री लावून झोपायच्या आणि सकाळी उठून बघतात तर बॅटरी होती तिथेच. वायर बदलली, अडॅप्टर बदललं. एका दुकानात सांगितलं, जॅक गेला, बदलावा लागेल. त्या फोन सुती गाऊनच्या खिशात ठेवतात, रुमालाशेजारी. मला खटकलं ते एवढंच, की पिन लावल्यावर तिचा चकचकीत धातू बाहेर नखभर दिसत राहायचा. तीच पिन माझ्या फोनमध्ये पूर्ण आत जायची.

टॉर्च मारून पाहिलं तर तळाशी करडा थर. फोन बंद केला, लाकडी टूथपिक ब्लेडने चपटी तासली आणि कोपऱ्यातून हळूहळू उकरलं. तिळाएवढे तुकडे निघत राहिले. मग पिन लावली तर टक् आवाज आला, आणि फोन हलवून पाहिला तरी चार्जिंग तुटलं नाही. तुमचे अनुभव लिहा.

सिडको_चौक
सेम टू सेम. आमच्याकडे बाबांचा फोन. जीन्सच्या खिशात उलटा ठेवतात, म्हणजे भोक खाली. सगळा भुसा तिथेच.

पंचवटीकर_ताई
तुमच्याकडे खिसे तरी आहेत! आमच्या कुर्त्यांना खिसेच शिवत नाहीत. माझा फोन पर्समध्ये, आणि पर्समध्ये लेकीची चिक्की. माझ्या फोनमधून राजगिरा निघाला होता 😄

इंदिरानगरची
@ताई टेलरला सांगा, बाजूच्या शिवणीत करून देतात. मी सगळ्या कुर्त्यांना करून घेते आता.

सोल्डर_आणि_चहा
एम. जी. रोडवर बरीच वर्षं रिपेअरिंग करतोय. इंदिरानगरच्या ताईंनी जे पाहिलं तीच खरी खूण: धातू बाहेर दिसतो आणि टक् होत नाही. असं का होतं ते सांगतो.

टाइप सीच्या भोकात मधोमध एक पातळ पट्टी असते. तिच्या दोन्ही कडांना बारीक खाचा असतात. पिनच्या आत दोन स्प्रिंगा असतात, त्या या खाचांत अडकतात, त्याचाच तो टक्. खिशातला कापूस आत पडतो आणि आपण रोज पिन लावताना तो तळाशी ठोकत जातो. थर चढला की पिन खाचांपर्यंत पोचतच नाही. मग तिला धरून ठेवायला काही नसतं, फोन हलला की सुटते. कधी चार्जिंग चालू राहतं पण फास्ट चार्जिंग जातं, कारण सगळे पॉइंट नीट टेकत नाहीत.

साफ करताना पट्टीला हात लावायचा नाही. पट्टी आणि बाहेरच्या कडेमध्ये एक मिलिमीटरपेक्षाही कमी जागा आहे. आख्खी टूथपिक जात नाही, आणि दाबली तर मोडून आतच राहते. म्हणून चपटी तासायची. डाव्या-उजव्या टोकाला पट्टी संपते, तिथून काडी तळापर्यंत न्यायची आणि कापूस बाहेरच्या दिशेने ओढायचा. आत ढकलायचा नाही. मध्ये मध्ये टॉर्च मारून बघा. तळ स्वच्छ दिसला की थांबा.

नाशिकरोड_९०
एवढा खटाटोप कशाला? पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरची हवा मारून घ्या. सगळं उडून जातं. मी तेच करतो.

सोल्डर_आणि_चहा
@नाशिकरोड, सुटी धूळ उडते हे बरोबर. पण ठोकून बसलेला थर हवेने निघत नाही. आणि पंक्चरवाल्याच्या टाकीत पाणी साचतं, तेलाचा अंश असतो, तो हवेबरोबर आत जातो. पॉइंट हिरवे पडलेले फोन माझ्याकडे येतात. तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते.

नाशिकरोड_९०
माझ्या फोनला तर काही झालं नाही अजून. आणि सिम काढायची पिन काय वाईट? तीच वापरतो मी, घरात असतेच.

सोल्डर_आणि_चहा
नका वापरू. फोन बंद केला तरी बॅटरी आतच असते. आणि शॉर्ट नाही झालं तरी धातूचं टोक पट्टीवरचे पॉइंट खरवडतं, उचकटतं. एक पॉइंट वाकला की मग खरंच जॅक बदलावा लागतो.

अंबड_लेथ
आमची केस वेगळी. लेथवर काम, खिशात कापसाबरोबर लोखंडी बुरा. खालच्या स्पीकरला चुंबक असतो, म्हणून बुरा त्या बाजूलाच जमतो आणि भोकात पण शिरतो. लाकडी काडीने कापूस निघतो, बुरा चिकटून राहतो. काय करावं?

सोल्डर_आणि_चहा
लोखंड असेल तर फोन चार्जिंगला लावूच नका. दुकानात न्या, मायक्रोस्कोपखाली काढावं लागेल. पुढे कामावर भोकाला रबरी बूच लावा.

येवला_हातमाग
वाचून दचकलो. आमच्या घरात माग आहे. रेशीम ठीक, पण जरीचे तुकडे सगळीकडे उडतात. जरीत धातू असतो ना? म्हणजे तेही लोखंडासारखंच समजायचं का?

सोल्डर_आणि_चहा
हो, जरीलाही तोच नियम. आजकालची बरीचशी जरी प्लॅस्टिकवर धातूचा मुलामा असते, पण डोळ्याने ओळखता येत नाही. चमकणारं काही दिसलं की पिन लावायची नाही.

दिंडोरी_द्राक्ष
माझ्या फोनवर चार्जिंग लावलं की थेंबाचं चिन्ह येतं, ओलावा आहे म्हणतो. बागेत फवारणी चालू असते. तुम्ही म्हणता तसं उकरू का?

सोल्डर_आणि_चहा
दादा, ते वेगळं. आधी वाळू द्या. भोक खाली करून हलके झटका आणि मोकळ्या हवेत ठेवा. तांदळात पुरू नका, त्याचा भुसा आत जातो. हेअर ड्रायरही नको. पूर्ण वाळल्यावरही चिन्ह येत राहिलं तर आत कापूस ओल धरून बसलेला असू शकतो, तेव्हा काडी वापरा. वायरलेस चार्जिंग असेल तर तोवर त्यावर भागवा.

दिंडोरी_द्राक्ष
बरं. नाही, वायरलेस नाही. आमच्याकडे थंडी कमी पडली यंदा, ते वेगळंच टेन्शन.

पंचवटीकर_ताई
द्राक्षं गोड होतील ना पण? 🙏

गंगापूर_रोड_आजोबा
वरचं सगळं वाचून मुलाने माझा फोन साफ केला. कापूस निघाला, तळ चमकतो आहे, पिन पूर्ण आत जाते. तरीही डावीकडे तिरकी केली की चार्जिंग तुटतं. पुढे काय?

सोल्डर_आणि_चहा
काका, आता दुसऱ्याची नवी वायर लावून बघा. टाइप सीमध्ये स्प्रिंग वायरच्या पिनेत असते, त्यामुळे झिजते ती आधी वायर. नवी वायर घट्ट बसली तर जॅक ठीक. नवी वायरही डुलत असेल तर जॅकचा सोल्डर सुटला असेल किंवा पट्टी हलत असेल. ते साफसफाईने बरं होत नाही. बऱ्याच फोनमध्ये जॅक वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो, तेवढाच बदलता येतो. दुकानदाराला आधी विचारा, बोर्ड बदलणार की फक्त जॅक.

सिडको_चौक
पण दोन्ही वायरी डुलत असतील आणि फोन वॉरंटीत असेल तर? कंपनीवाले "कापूस होता, तुमची चूक" म्हणतात असं ऐकलंय. कुणाला अनुभव?

इंदिरानगरची
मलाही हे जाणून घ्यायचंय. सासूबाईंचा फोन वॉरंटीबाहेर होता, त्यामुळे प्रश्नच आला नाही.

गंगापूर_रोड_आजोबा
नातवाची वायर लावली. घट्ट बसते. पण तिरकी केल्यावर अजूनही एखाद्या वेळी तुटतं. उद्या एम. जी. रोडला येतो. गाडी कुठे लावावी तेवढं सांगा.