शब्दचर्चा : ‘डाइव्ह-बॉम्बर पुशअप’ला मराठीत काय म्हणावं?

शाळामास्तर (गुहागर)
शाळेच्या व्यायामशाळेत भिंतीवर एक तक्ता लावायचा आहे. इंग्रजी मजकुरात ‘डाइव्ह-बॉम्बर पुशअप’ असा प्रकार आहे. ढुंगण वर, डोकं खाली, तिथून जमिनीला घासल्यासारखं पुढे जायचं, छाती वर काढायची आणि परत मागे यायचं. मी ‘दंड’ लिहिलं तर मुलं विचारतात, “सर, किती रुपये?” ‘जोर’ लिहू का? की वेगळा शब्द हवा? आणि खाली एकेका टप्प्यात कोणता स्नायू काम करतो तेही लिहायचं आहे, ते चुकायला नको.

जुना आखाडा
मास्तर, वेगळा शब्द कशाला? हा आपला तालमीतला जोरच. गोऱ्यांनी विमानाचं नाव दिलं म्हणून तो परदेशी होत नाही. आम्ही पोरवयात हौद्याच्या कडेला हेच काढायचो. जोर-बैठका म्हणा, विषय संपला. स्नायूंचं विचाराल तर छाती, दंड आणि पाठीचे पंख. पुढे जाताना पाठच ओढते.

खाडीपलीकडची
माका वाटला, पोवच्याबद्दल बोलतत! आमच्याकडे पोरं जेटीवरून सूर मारतात तेव्हा हात डोक्याच्या पुढे जोडलेले असतात, नाहीतर पोटावर चापट बसते. तुमच्या तक्त्यातही हात जोडायचे का?

शाळामास्तर (गुहागर)
नाही हो ताई, हात जमिनीवर. पण ‘सूर’ हा शब्द मात्र आवडला.

फिजिओ, रत्नागिरी
काका, जाताना हा जोरच, हे तुमचं बरोबर आहे. येताना नाही, आणि सगळा फरक तिथेच आहे. तालमीतल्या जोरात छाती वर आली की हात ताठ ठेवून ढुंगण सरळ मागे-वर नेतात. सूर्यनमस्कारात भुजंगासनातून पर्वतासनात जातो तसंच. डाइव्ह-बॉम्बरमध्ये ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत यायचं असतं. म्हणजे कोपरं पुन्हा वाकवायची, छाती पुन्हा जमिनीलगत आणायची, दोन हातांमधून मागे काढायची आणि मगच ढुंगण वर. हल्ली बरेच जण दोन्हींना एकच नाव देतात हे खरं, पण तक्त्यावर दोन्ही असतील तर नावं वेगळी हवीत, कारण परतीला खांद्याचं काम साफ बदलतं.

जुना आखाडा
म्हणजे उलटपावली जोर. पण त्यात कठीण काय? गेलो तसे आलो.

फिजिओ, रत्नागिरी
काका, एकदा काढून बघा, मग बोलू.
जाताना काय होतं ते आधी सांगते. सुरुवातीला ढुंगण वर असतं तेव्हा हात कानांजवळ, म्हणजे माळ्यावरून डबा काढताना असतात तसे पूर्ण वर गेलेले असतात. फरे, म्हणजे खांद्यामागची चपटी हाडं, वर आणि बाहेरच्या बाजूला फिरलेले असतात. त्यांना तसं धरून ठेवतात बरगड्यांवरचा सेरेटस आणि मानेपासून पाठीपर्यंतचा ट्रॅपिझियस. पाठीचा कणा इथे सरळ हवा. ज्यांच्या मांड्यांच्या मागचे स्नायू आखडलेले असतात त्यांची कंबर गोल होते. त्यांनी गुडघे थोडे वाकवावेत, टाचा टेकवायचा हट्ट धरू नये.

मग कोपरं मागच्या दिशेने वाकतात आणि कपाळ, हनुवटी, छाती या क्रमाने हातांमधून जातात. वजन उतरणीला लागलेलं असतं, ते सावकाश सोडायचं काम दंडामागचा ट्रायसेप्स, खांद्याचा पुढचा भाग आणि छातीचा वरचा भाग करतात. तोपर्यंत कणा वाकायचं कारण नाही. छाती हातांच्या पुढे गेली की कणा मागे वळायला लागतो, आणि तो वरच्या पाठीपासून वळावा. वरची पाठ बरगड्यांना बांधलेली असल्यामुळे मुळात कमी वळते. म्हणून घाई केली की सगळा बाक कंबरेच्या शेवटच्या दोन-तीन मणक्यांत पडतो.

वर आल्यावर अनेकांना वाटतं की पाठीचे स्नायू आपल्याला उचलून धरतायत. खरं तर टेकू हातांचा असतो. ट्रायसेप्स कोपरं सरळ करतात आणि कंबर स्वतःच्या वजनाने खाली जाते. तिला जास्त लोंबू न देणं हे पोटाचं काम. मांड्या जमिनीला टेकत नाहीत म्हणून पोट लांबलेलं असूनही सुटत नाही.

मिऱ्याचा पोर
ताई, माझंच सांगतो. भरतीची तयारी करतोय. पुढे जातो झकास. परत येताना उजव्या खांद्यात पुढच्या बाजूला चिमटा बसतो आणि संध्याकाळी कंबर धरते. मित्र म्हणतो, छाती कमजोर आहे, बेंच मार.

फिजिओ, रत्नागिरी
चिमटा नेमका कधी? छाती खाली येताना, की कपाळ हातांच्या मागे जाताना?

मिऱ्याचा पोर
कपाळ मागे जाताना. तिथे जोरच लागत नाही, मग ढुंगण झटक्यात वर फेकतो.

फिजिओ, रत्नागिरी
कोपरं कुठे असतात? कोणाला तरी समोरून बघायला सांग.

मिऱ्याचा पोर
भावाने बघितलं. बाहेर, खेकड्यासारखी. आणि बोटं एकमेकांकडे वळलेली.

फिजिओ, रत्नागिरी
मग बेंच मारून हे सुटणार नाही. परतीला छाती हातांच्या मागे गेली की दंडाचं हाड डोक्याच्या दिशेने वर जायला लागतं. त्या कोनात छातीचा मोठा स्नायू फारशी मदत करू शकत नाही. सगळं वजन मागे आणि चढावर ढकलायचं असतं, तेही कोपरं पूर्ण वाकलेली असताना. ते करतात खांद्याचा पुढचा भाग आणि ट्रायसेप्स, आणि त्याच वेळी सेरेटसने फरा फिरवून वर न्यायला हवा. कोपरं बाहेर आणि बोटं आत असली की दंडाचं हाड आतल्या बाजूला फिरलेलं राहतं. फरा वेळेवर फिरला नाही तर वरच्या हाडाखालची जागा अरुंद पडून आतली स्नायूची दोरी चेपली जाऊ शकते. चिमट्याची इतर कारणंही असतात, पण तुझ्या वर्णनावरून आधी इथे हात घालावा.

बोटं सरळ पुढे कर, कोपरं बरगड्यांकडे ठेव. अगदी चिकटवायची नाहीत. हात अंगणाच्या पायरीवर ठेवून कर, म्हणजे हातांवरचं वजन कमी होईल. काही दिवस फक्त परतीचा अर्धा भाग कर. छाती हातांच्या मध्ये असताना सुरुवात करायची आणि सावकाश मागे ढकलायचं. चिमटा आला की तिथेच थांब, ‘अजून दोन’ नाही. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल किंवा हात बाजूने वर नेताना दुखत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखव.

कंबरेसाठी भावाला मोबाइल घेऊन बाजूला बसव. बघायचं एवढंच की जाताना आधी काय उतरतं, छाती की पोट? माझा अंदाज, पोट.

मिऱ्याचा पोर
पोटच. छाती हातांपर्यंत पोचायच्या आधी पोट खाली येतं. आणि परत येताना कोपरं जेमतेम वाकतात. म्हणजे मी जाताना डाइव्ह-बॉम्बर आणि येताना काकांचा जोर काढत होतो.

जुना आखाडा
काकांच्या जोराने कोणाची कंबर धरत नाही, पोट सोडल्याने धरते. आता माझं ऐका. काल काढून बघितला उलटा. दोन झाले, तिसऱ्याला हनुवटी फरशीवर. कठीण आहे, मान्य. पण पुढे जाताना पंख ओढतात हे मी सोडणार नाही. काखेखाली ताण जाणवतो मला.

फिजिओ, रत्नागिरी
ताण जाणवतो कारण हात वर असताना लॅट्स, म्हणजे तुमचे पंख, ताणलेलेच असतात. ताणला जाणं आणि ओढणं वेगळं. जमिनीला पकडून शरीर पुढे खेचायचा प्रयत्न केलात तर लॅट्स थोडं काम करतीलही, पण पुढे न्यायला पायांचा रेटा आणि स्वतःचं वजन पुरतं. बघायचं असेल तर ओहोटीच्या वेळी पुळणीवर, ओल्या घट्ट वाळूत काढा. हात जमिनीला आपल्याकडे ओढत असेल तर वाळू तळव्याच्या मागच्या बाजूला गोळा होईल, ढकलत असेल तर बोटांच्या पुढे. यातून हात कुठल्या दिशेने रेटतोय एवढंच कळेल, नेमका कोणता स्नायू ते नाही.

खाडीपलीकडची
वाळूत करताना मनगट रुततं, आमच्या पोराचं सुजलं होतं.

मिऱ्याचा पोर
भाट्याच्या किनाऱ्यावर केलं. जाताना आणि येताना वेगवेगळ्या जागी हात ठेवले. परतीला बोटांच्या पुढे वाळूचा स्पष्ट बांध. जाताना मात्र काहीच धड नाही, तळव्याचा मागचा भाग जरा खोल रुतलेला.

जुना आखाडा
रुतलेला ना? हीच ती ओढ.

फिजिओ, रत्नागिरी
छाती वर येते तेव्हा मनगट जास्तीत जास्त मागे मुडपतं आणि वजन तळव्याच्या मागच्या भागावर येतं, त्याने खड्डा पडेलच. ओढ असती तर मागे ढीग दिसला असता. पण एका मुलाच्या हाताच्या ठशावरून मी तुम्हाला खोटं ठरवणार नाही. पंख अजिबातच काम करत नाहीत असं मी म्हटलेलं नाही.

शाळामास्तर (गुहागर)
मी तक्त्याला असं लिहितोय. साध्याला ‘जोर’, याला ‘परतजोर’. ‘सूरजोर’ही छान वाटत होतं, पण सूर मारणारा पाण्यातून त्याच वाटेने उलटा जेटीवर येत नाही. मजकूर :
‘ढुंगण वर, पाठ सरळ. कोपरं मागे वाकवा, कंबर खाली सोडत छाती हातांमधून न्या. छाती वर. कोपरं पुन्हा वाकवा, छाती हातांच्या मागे गेल्यावरच ढुंगण वर.’
स्नायू : जाताना खांदा, ट्रायसेप्स, छाती. वर असताना ट्रायसेप्स आणि पोट. परतीला खांदा, ट्रायसेप्स, सेरेटस.

फिजिओ, रत्नागिरी
‘कंबर खाली सोडत’ काढा, मुलं तेवढंच वाचतील आणि पोट आधी टाकतील. ‘छाती आधी, कंबर मागून’ असं लिहा. आणि परतीच्या स्नायूंत पोट घाला. शेवटी ढुंगण वर जातं ते पोट आणि खुब्याच्या पुढच्या स्नायूंच्या जोरावर.

जुना आखाडा
‘परतजोर’ ऐकून मला दुकानात वस्तू परत केल्यासारखं वाटतं. उलटजोर लिहा.

शाळामास्तर (गुहागर)
काका, ‘उलट’ लिहिलं तर मुलं पाय वर करून भिंतीला लागतील.