शब्दचर्चा: ‘कन्कशन’ला मराठीत काय म्हणायचं?

कळवेकर
आमच्या कबड्डी संघातल्या पोरांच्या पालकांसाठी एक पानाचं पत्रक मराठीत करतोय आणि पहिल्याच ओळीला अडलोय. कन्कशनला काय लिहू? ‘डोक्याला मार’ लिहिलं तर पालक टेंगूळ शोधतात, टेंगूळ नसलं की निवांत. ‘कन्कशन’ तसंच ठेवलं तर एक बाबा म्हणाले, “ते बदली खेळाडू घेतात ते ना?” जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या टी-ट्वेंटीत दुबेच्या जागी हर्षित राणा आला होता, तेवढंच लोकांच्या डोक्यात बसलंय.

प्रसंग सांगतो म्हणजे नड कळेल. १५ वर्षांचा आमचा एक चढाईपटू. पकडीत पाय अडकले आणि उताणा पडला, मॅटवर डोक्याची मागची बाजू आपटली. लगेच उठला, हात झटकले, “काही नाही सर.” मी सहज विचारलं, शेवटचा गुण कोणाला मिळाला? म्हणाला, आपल्याला. तो त्यांना मिळाला होता, याचीच पकड झाली होती! बाहेर बसवला तर पोरगं माझ्यावरच चिडलं. रात्री सीटी स्कॅन केला, रिपोर्ट नॉर्मल. वडील दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात घेऊन मैदानावर हजर, “बघा, काही झालेलंच नाही, खेळवा.” आता या ‘काही न झालेल्या’ गोष्टीला शब्द द्या.

अण्णा, पाचपाखाडी
शब्द आपल्याकडे आहे की! भोवळ. झीट. डोक्याला फटका बसला की माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, तेच कन्कशन. मेंदू कवटीवर आपटतो आणि त्याला खरचटतं. इंग्रजी शब्दाला नमस्कार करायचं काही कारण नाही.

मेधा, वाशी
अण्णा, मेंदू आत हलतो इथपर्यंत तुमचं बरोबर. पुढचं दोन ठिकाणी घसरलं. मी खेळाडूंची फिजिओ आहे, रोज हेच बघते. खेळातल्या कन्कशनमध्ये शुद्ध जाणारे दहात एकही नसतात. ‘भोवळ’ लिहिलंत तर बाकीचे नऊ ‘मला नाही आली’ म्हणून पुन्हा मैदानात उतरतील. कळवेकरांचा मुलगा त्यातलाच.

आणि खरचटणं म्हणजे वेगळी दुखापत. त्यात रक्त साकळतं, सीटीत डाग दिसतो. कन्कशनमध्ये नेहमीच्या सीटीत किंवा एमआरआयमध्ये काही दिसत नाही, कारण बिघाड आकारात नसतो, कामकाजात असतो. पेशींचे लांब तंतू झटक्यात ताणले जातात, त्यांच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर धावतं, कॅल्शियम आत शिरतं. ही उलथापालथ निस्तरायला पेशीतले पंप जोरात चालू होतात, त्यांना साखर हवी असते, आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा थोडा आटलेला असतो. खर्च वाढला आणि पगार कापला, असं घर. मग काही दिवस मेंदू हात आखडून चालतो. सीटी काढायचा तो आत रक्तस्राव नाही ना हे बघायला. त्या वडिलांच्या हातातला रिपोर्ट खरा होता, पण प्रश्न दुसराच होता.

सुजाता, ऐरोली
मग ‘मुका मार’ का नको? वर जखम नाही, आत ठणका. माझ्या सासूबाई हाच शब्द वापरायच्या.

अण्णा, पाचपाखाडी
वा! माझी ‘भोवळ’ मी मागे घेतो. मेंदूला मुका मार. अस्सल.

कळवेकर
मलाही पटकन आवडला. पण आमच्याकडे मुका मार म्हणजे हळद-तुरटीचा लेप, दोन दिवस शेक आणि तिसऱ्या दिवशी मैदान. या शब्दातच ‘चालतंय’ आहे.

नितीन
चांगली चर्चा. माझे वडील ७४ वर्षांचे, परवा बाथरूममध्ये घसरले. रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. त्या दिवशी ठीक होते, आज डोकं दुखतंय म्हणतात आणि झोपून असतात. त्यांना पण हे मुका मारच म्हणायचं ना? किती दिवस आराम?

मेधा, वाशी
नितीन, हे वाचून झालं की आधी त्यांना घेऊन हॉस्पिटलला निघा, शब्द नंतर बघू. या वयात, त्या गोळीवर, दोन दिवसांनी दुखणं आणि सुस्ती म्हणजे आत हळूहळू रक्त साचत असू शकतं. खेळाडूंच्या आरामाचा हिशेब त्यांना लावायचा नाही. पोरांच्या बाबतीतही डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलटी, झटका, हातापायातली ताकद जाणं, मान दुखणं, जागं ठेवूनही झोपेत जाणं, यातलं काहीही दिसलं की मैदानावरच्या चाचण्या बाजूला.

सुजाता, ऐरोली
मेधाताई, माझा मुलगा फुटबॉलचा गोलकीपर आहे. त्याच्या डोक्याला काहीच लागलं नव्हतं, समोरच्याचा खांदा छातीत बसला आणि मान झटकली. तरी आठवडाभर उजेड सहन होत नव्हता. डॉक्टर कन्कशन म्हणाले आणि आम्ही त्यांच्याशीच वाद घातला.

मेधा, वाशी
वाद घालण्यासारखं नव्हतं, ताई. फटका अंगावर कुठेही बसू शकतो, जोर डोक्यापर्यंत पोचला की झालं. म्हणून शब्दात ‘मार’ नको असं माझं मत. ‘धक्का’ही नको, ‘पोराला धक्का बसला’ म्हटलं की लोक निकाल लागला का विचारतील. ‘मेंदूचा आघात’ आपल्याकडे लकव्याकडे जातो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गदागदा हलवणं. ‘मेंदूला हादरा’ त्याच्या जवळचा आहे.

अण्णा, पाचपाखाडी
हादरा तर सरकारलाही बसतो.

कळवेकर
बसू दे अण्णा, ‘मेंदूला’ लिहिलेलं आहे. तात्पुरतं लिहितो: ‘मेंदूला हादरा (कन्कशन)’. आता त्याच मुलाची पुढची गोष्ट, कारण मला शब्दांपेक्षा आकड्यांनी जास्त गोंधळवलंय. पहिला हादरा जूनच्या अखेरीस. २४ ते ४८ तास साधा आराम, मोबाईल कमी, मग चालणं, मग सायकल, असं करत तीन आठवड्यांत पूर्ण खेळाला. ऑगस्टच्या सुरुवातीला सरावात दुसऱ्या पोराचा गुडघा कानशिलावर लागला. फटका पहिल्याहून बारीक होता, पण या वेळी पंधराव्या दिवशीही तो ठीक नव्हता. हलक्या फटक्याचं जास्त कसं?

मेधा, वाशी
एकदा हादरलेल्या मेंदूला पुढच्या वेळी कमी जोर पुरतो आणि बरं व्हायला जास्त दिवस लागू शकतात, हे बऱ्याच खेळाडूंमध्ये दिसतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदू हात आखडून असतानाच दुसरा फटका दिला तर नुकसान बेरजेपेक्षा मोठं होतं. तो काळ उलटल्यावर दिला तर दोन वेगळ्या दुखापतींसारखं वागतं. माणसात तो काळ नेमका कधी संपतो हे दाखवणारी रक्ताची किंवा स्कॅनची चाचणी दवाखान्यात वापरण्याजोगी अजून नाही. म्हणून तर पायऱ्या. प्रत्येक पायरीला निदान २४ तास, आणि टक्कर होऊ शकेल अशा सरावाआधी त्रास पूर्ण गेलेला हवा. खेळात परतायला सरासरी तीनएक आठवडे लागतात, शाळेत त्याआधीच जाता येतं. चार आठवड्यांनंतरही त्रास असेल तर ‘थांबून बघू’ नाही, मान, डोळे, तोल सगळं वेगवेगळं तपासायचं. स्मरणचाचणी केली होती?

कळवेकर
हंगामाच्या आधी जूनमध्ये सगळ्यांची केली होती. दहा शब्दांची यादी तीनदा वाचून दाखवायची, प्रत्येक वेळी आठवतील तेवढे सांगायचे, आणि निदान पाच मिनिटांनी न वाचता पुन्हा विचारायचे. याचे शेवटी ७ आले होते. दुसऱ्या हादऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी ३. दहाव्या दिवशी ९! मी खूश, वडील माझ्याहून खूश. पण मैदानात साधी उडी मारली की डोकं धरून बसतोय.

मेधा, वाशी
दहाव्या दिवशी कोणती यादी वाचली?

कळवेकर
तीच. जूनपासून एकच आहे.

मेधा, वाशी
मग ९ हा मेंदूचा आकडा नाही, पाठांतराचा. तेच शब्द तो तिसऱ्या चाचणीत ऐकत होता. म्हणून तर स्कॅट-६ या खेळाडूंच्या कन्कशन-चाचणीत वेगवेगळ्या याद्या दिल्यात. शिवाय त्या चाचणीचा खरा उपयोग पहिल्या तीन दिवसांत, फार तर आठवडाभर. त्यानंतर ती ढिली पडते. मग दवाखान्यातली लांब तपासणी, प्रतिक्रियेचा वेग, डोळे हलवताना त्रास होतो का, नाडी वाढवून लक्षणं उसळतात का. उडीनंतर डोकं धरणं हे त्या ९ पेक्षा मोठं उत्तर आहे.

अजून एक. यादी मराठीत कोणी केली?

कळवेकर
मीच, जागेवर. आणि महिने उलटे म्हणायचे असतात ना, तेही मराठीत घेतले.

मेधा, वाशी
डिसेंबर, नोव्हेंबर की फाल्गुन, माघ?

कळवेकर
फाल्गुन, माघ. पोरं ‘पौष’पाशीच अडकली.

सुजाता, ऐरोली
माझंही ‘पौष’पाशीच अडकलं, आणि मला कुठेही काही लागलेलं नाही.

मेधा, वाशी
हाच घोटाळा. जे सरळ नीट येत नाही ते उलटं विचारून हादरा मोजता येत नाही. डिसेंबरपासून घ्या, तीस सेकंदांच्या आत, न चुकता. अंक उलटे म्हणायला लावताना ‘त्रेसष्ट’ म्हणू नका, ‘सहा, तीन’ असे सुटे म्हणा. आणि शब्दांची यादी जागेवर भाषांतरित केली की कधी दोन यमकवाले शब्द शेजारी येतात, कधी चार अक्षरी, जोडाक्षराचा शब्द येतो, यादी सोपी किंवा अवघड होऊन बसते. मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या जूनच्या आकड्याशी करायची, पण जूनचा आकडाही तितक्याच अवघड यादीचा हवा. काही हुशार खेळाडू जूनमध्ये मुद्दाम कमी सांगतात, म्हणजे नंतर घसरण दिसू नये. तेही लक्षात ठेवा.

अण्णा, पाचपाखाडी
म्हणजे पुन्हा पुन्हा लागलेल्याचं पुढे काय होतं ते या याद्यांतून कळत नाही? बॉक्सरांबद्दल ऐकलंय, म्हातारपणी बोलणं अडखळतं.

मेधा, वाशी
बॉक्सरांचं वर्णन १९२८ सालीच झालंय. पुन्हा पुन्हा फटके बसून होणाऱ्या मेंदूच्या ज्या आजाराला आता सीटीई म्हणतात त्याची खात्री मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. दहा शब्दांत ते दिसत नाही, आणि दोन हादऱ्यांवरून पोराला ते होईल असं मी कोणालाही म्हणणार नाही. किती फटके म्हणजे जास्त, यावर माझ्या ओळखीच्या दोन न्यूरॉलॉजिस्टांचंही जमत नाही.

कळवेकर
मग पत्रकातून ‘९ आले की खेळा’ ही ओळ काढतो. शेवटचा अडथळा. लक्षणांच्या तक्त्यात ‘फॉगी’ आहे. ‘डोक्यात धुकं’ लिहिलं तर पोरं खिडकीबाहेर बघतात. आणि ‘चक्कर’चं तर तीन तेरा. कोणी गरगरण्याला म्हणतं, कोणी तोल जाण्याला, कोणी बेशुद्ध पडण्याला.

मेधा, वाशी
चक्कर तीन ओळींत फोडा: ‘भोवतालचं फिरतंय’, ‘चालताना तोल जातोय’, ‘डोळ्यांपुढे अंधारी येतेय’. तीन वेगळ्या तपासण्या निघतात त्यातून. ‘फॉगी’ला मी ‘डोकं बधिर’ विचारते, पण मनापासून पटलेलं नाही.

सुजाता, ऐरोली
‘सुचत नाही’?

अण्णा, पाचपाखाडी
ते मला रोजच होतं.

कळवेकर
आज त्या मुलालाच विचारलं, तुला नेमकं काय होतं रे. थोडा वेळ मॅटकडे बघत राहिला. मग म्हणाला, “सर, तुम्ही ओरडता ते ऐकू येतं, पण उशिरा कळतं.” तक्त्यात हेच लिहिलंय सध्या: ‘ऐकू येतं, पण उशिरा कळतं.’

नितीन
वडिलांना दाखल केलंय. सीटीत रक्त साचलेलं दिसलं, उद्या सकाळी ऑपरेशन आहे.