सिग्नल अजिबात नसताना यूपीआयने पैसे घेण्याचा खात्रीचा मार्ग कोणता?

गडवाट: हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी एका वाडीत आमची खानावळ आहे. तिथे कोणत्याच कंपनीचा सिग्नल येत नाही आणि गिर्यारोहकांकडे रोख पैसे नसतात. दोन जेवणांचे २४० रुपये तिथल्या तिथे कसे घ्यावेत, याबद्दल कृपया सल्ला द्यावा.

सह्याद्रीपुत्र: ग्राहकांना *99# डायल करायला सांगा. त्याला इंटरनेट लागत नाही, साधा फोनही चालतो आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात.

अनघा_कु: इंटरनेट लागत नाही हे बरोबर आहे, परंतु तो संदेश मोबाइलच्या टॉवरमार्फतच बँकेपर्यंत जातो. त्यामुळे डेटा बंद असला तरी कॉल लागत असेल अशाच ठिकाणी त्याचा उपयोग होतो, आणि गडवाट यांच्याकडे टॉवरच पोहोचत नाही.

तुम्हाला हवे आहे ते यूपीआय लाइट एक्स. ग्राहकाने घरी असतानाच खात्यातून लाइटमध्ये पैसे भरून ठेवायचे. ही शिल्लक ५,००० रुपयांपर्यंत ठेवता येते. पैसे देताना दोन्ही फोन एकमेकांना टेकवले की एनएफसीद्वारे २४० रुपयांची नोंद तुमच्या फोनवर येते आणि ग्राहकाची शिल्लक त्याच्याच फोनवर तेवढी कमी होते. पिन विचारला जात नाही, म्हणूनच रिझर्व्ह बँकेने रक्कम लहान ठेवली आहे. जानेवारी २०२२ च्या मूळ चौकटीत तर एका व्यवहाराला २०० रुपयांचीच परवानगी होती. तुमचा फोन नंतर नेटवर्कमध्ये आला की हिशेब पूर्ण होतो. नुसत्या लाइटवर मात्र विसंबू नका, कारण पिन लागत नसला तरी तो व्यवहार पुढे जायला इंटरनेट लागतेच.

पुणे_मेट्रोवाला: माझ्या मेट्रो कार्डात ऑनलाइन पैसे भरले, तरी फाटकावर शिल्लक कमी दाखवते. हाही नेटवर्कचाच दोष समजायचा का?

अनघा_कु: नाही. फाटक कार्डाच्या चिपमधली शिल्लक वाचते, त्यामुळे भरलेली रक्कम स्थानकातल्या यंत्रावर कार्ड लावून चिपमध्ये उतरवावी लागते.

गडवाट: भिंतीवरच्या क्यूआरचे काय? काही ग्राहक हिरवी खूण असलेला फोटो दाखवून निघून जातात.

अनघा_कु: तो क्यूआर म्हणजे फक्त तुमचा पत्ता आहे. तो स्कॅन करणाऱ्याला त्या क्षणी इंटरनेट लागतेच, तेव्हा दोघांनाही सिग्नल नसताना दिसणारी हिरवी खूण खरी मानू नका. लाइट एक्सची नोंद तुमच्या स्वतःच्या फोनवर उमटते. तेवढीच ग्राह्य धरा. अडचण एवढीच की दोन्ही फोनांत एनएफसी हवे आणि दोन्ही अ‍ॅपांत ही सोय हवी. निम्म्या ग्राहकांकडे तरी ती असेल असे मला वाटत नाही, म्हणून बुकिंग घेतानाच आगाऊ रक्कम मागणे मला अधिक व्यवहार्य वाटते.

गडवाट: राजूरला पोहोचण्याआधीच माझा फोन पाण्यात पडला, तर त्यात आलेले पैसे कोणाचे समजायचे?

सह्याद्रीपुत्र: दुकानदाराच्या बाजूच्या तांत्रिक दोषाची जबाबदारी त्याच्या बँकेवर येते, असे त्या चौकटीत आहे.

अनघा_कु: ती तरतूद नोंदणीकृत व्यापाऱ्यांसाठी आहे. वैयक्तिक खात्यावर घेतलेल्या पैशांना ती लागू होईल असे धरून चालू नका. तुमच्या बँकेकडून हे लेखी घ्या.